काहिलीच्या तळाला किती आग हवी: उसाचा रस आटवण्याच्या उष्णतेचा आणि आगीकडील क्षेत्राचा हिशेब

गुऱ्हाळ घालू पाहणारा माणूस काहील विकत घेताना बहुधा एकच प्रश्न विचारतो, तो म्हणजे तिच्यात रस किती मावतो. हा प्रश्न चुकीचा नाही, पण अपुरा आहे. रस किती मावेल हे काठाच्या उंचीवर ठरते, तर तो किती वेळात आटेल हे तळाच्या ज्या भागाला प्रत्यक्ष आग लागते त्या भागावर ठरते. गोव्यातल्या धारबांदोड्याच्या साखर कारखान्याचे गाळप २०१९-२० पासून थांबले आहे. तेव्हापासून सांगे, केपे आणि धारबांदोडा तालुक्यांतले काही ऊस उत्पादक घरच्या उसाचा गूळ करण्याबद्दल विचारणा करतात आणि त्यांच्यापैकी बहुतेकांचे चुलाण याच ठिकाणी फसते. या लेखात एका आधणाचा, म्हणजे काहिलीत एका वेळी चढवलेल्या रसाचा, हिशेब सुरुवातीपासून शेवटपर्यंत मांडला आहे. आकडे आपल्या मापाचे घालावेत, पण पायऱ्यांचा क्रम बदलू नये, कारण प्रत्येक पायरीचे उत्तर पुढच्या पायरीत लागते.

## १. आधी रस मोजा, लिटरमध्ये नव्हे तर किलोमध्ये

उष्णतेचा सगळा हिशेब वजनावर चालतो. उसाचा ताजा रस पाण्यापेक्षा जड असतो आणि १८ ब्रिक्सच्या रसाचे एक लिटर साधारण १ किलो ७० ग्रॅम भरते. म्हणून ज्याने टाकीवरच्या खुणेने ४०० लिटर मोजून ते ४०० किलो धरले, त्याच्या काहिलीत खरे तर ४२८ किलो रस असतो आणि पुढचा प्रत्येक आकडा सात टक्क्यांनी कमी निघतो.

ब्रिक्स म्हणजे रसातल्या विरघळलेल्या घन पदार्थाची टक्केवारी. ती रिफ्रॅक्टोमीटरने मोजावी, परंतु चरकाच्या तोंडाशी फेसाळलेला रस थेट काचेवर टाकू नये. रस फडक्यातून गाळून पाच-दहा मिनिटे सावलीत ठेवावा, फेस बसू द्यावा आणि मग वरचा स्वच्छ थेंब घ्यावा. एकाच गाडीतल्या शेंड्याकडच्या आणि बुडख्याकडच्या उसाचा ब्रिक्स वेगळा येतो, त्यामुळे माप नेहमी टाकीत एकत्र झालेल्या रसाचेच घ्यावे.

आपल्या उदाहरणात रस ४०० किलो, म्हणजे सुमारे ३७४ लिटर आहे, त्याचा ब्रिक्स १८ आहे आणि तापमान २८ अंश सेल्सिअस आहे.

इशारा. चरक धुतलेले पाणी रसाच्या टाकीत जाऊ देऊ नये. पंधरा लिटरची एक बादली पाणी रसात मिसळली, तर ते तापवून वाफेत घालवण्यासाठी सुमारे ३८ मेगाज्यूल उष्णता लागते आणि साध्या चुलाणात त्यासाठी दहा किलो वाळलेले चिपाड जळते. मळी काढण्यासाठी भेंडीचे पाणी घालावेच लागते, पण तेही मोजून घालावे आणि हिशेबात धरावे.

## २. किती पाणी घालवायचे आहे ते काढा

४०० किलो रसात १८ टक्के, म्हणजे ७२ किलो घन पदार्थ आहे. ढेपेचा गूळ थंड करायच्या वाफ्यात ओतण्याच्या वेळी त्यात साधारण ९४ टक्के घन पदार्थ असतो असे धरले, तर ७२ ला ०.९४ ने भागून ७६.६ किलो गूळ येतो. उरलेले ३२३ किलो पाणी वाफ होऊन गेले पाहिजे. मळीबरोबर थोडा रस आणि थोडा घन पदार्थही बाहेर जातो, त्यामुळे हाती येणारा गूळ याहून काहीसा कमी भरेल. उष्णतेच्या हिशेबात मात्र ती वजावट धरू नये, कारण ती न धरल्याने चूक झालीच तर ती सुरक्षित बाजूला होते.

म्हणजे एक किलो गुळासाठी सव्वाचार किलोच्या आसपास पाणी उडवायचे आहे. हेच प्रमाण १६ ब्रिक्सच्या रसाला ४.९ किलो होते आणि २० ब्रिक्सच्या रसाला ३.७ किलो. ऊस कोवळा असताना तोडला तर गूळ कमी पडतो हे सगळ्यांना ठाऊक असते, पण तेवढ्याच गुळासाठी सरपण जवळजवळ तिसऱ्या हिश्शाने जास्त लागते याकडे लक्ष जात नाही.

## ३. उष्णतेचे तीन वाटे वेगळे ठेवा

इथे सर्वांत जास्त गोंधळ होतो. कोणी फक्त रस तापवण्याची उष्णता मोजतो, तर कोणी फक्त वाफेची. तिन्ही वाटे वेगवेगळे लिहून मगच बेरीज करावी.

पहिला वाटा रस उकळीपर्यंत नेण्याचा. पातळ रसाचा एक किलो एका अंशाने तापवायला साधारण ३.७५ किलोज्यूल लागतात, म्हणजे पाण्यापेक्षा थोडे कमी. गोव्यातली ऊस पिकवणारी गावे समुद्रसपाटीपासून फार उंच नसल्याने पाणी १०० अंशांच्या आसपासच उकळते आणि पातळ रस त्याहून किंचित वर. २८ पासून १०० पर्यंत ७२ अंशांची वाढ धरली, तर ४०० गुणिले ३.७५ गुणिले ७२ म्हणजे १०८ मेगाज्यूल होतात.

दुसरा वाटा पातळ रसातले पाणी उडवण्याचा, आणि तो सर्वांत मोठा आहे. उकळत्या पाण्याचा एक किलो वाफेत जाताना २.२५७ मेगाज्यूल, जुन्या मापात सुमारे ५४० किलोकॅलरी, घेऊन जातो. रस ६५ ब्रिक्सपर्यंत दाट झाला की काहिलीत १११ किलो पाक उरतो, म्हणजे तोवर २८९ किलो पाणी गेलेले असते. त्याला ६५२ मेगाज्यूल लागले.

तिसरा वाटा पाकाला गुळापर्यंत नेण्याचा. इथे उरलेले ३४ किलो पाणी जाते आणि पाकाचे तापमान ११८ अंशांपर्यंत चढते. दोन्ही मिळून ८१ मेगाज्यूल धरावेत.

एकूण बेरीज ८४१ मेगाज्यूल येते. काहिलीच्या उघड्या काठांवरून आणि लोखंड तापण्यात जी उष्णता जाते तिच्यासाठी पाच टक्के वाढवले, की ८८० मेगाज्यूलचा कामचलाऊ आकडा मिळतो. पाकातले पाणी उडवायला शुद्ध पाण्याइतकीच उष्णता धरली आहे. तापमान वाढते तसा हा आकडा दोन टक्क्यांनी घटतो, पण चुलाणाच्या बांधकामात तेवढ्या बारकाईचा उपयोग नसतो.

तपासणी. ३२३ किलो पाण्यापैकी २८९ किलो, म्हणजे दर दहा किलोंतले जवळजवळ नऊ किलो, पाक दाट होण्याआधीच गेलेले असतात. आपल्या हिशेबात हे प्रमाण फार वेगळे येत असेल, तर ब्रिक्सचा किंवा वजनाचा आकडा कुठेतरी चुकला आहे.

## ४. वेळ ठरवा आणि उष्णतेचा वेग काढा

८८० मेगाज्यूल दिवसभरात दिले तरी रस आटतो, पण तो गूळ होत नाही. रस जितका जास्त वेळ गरम राहतो तितकी त्यातली साखर फुटते, रंग काळवंडतो आणि ढेप बसत नाही. उलट, सुरुवातीला घाई केली तर मळी वर येऊन एकत्र होण्याआधीच रस उसळतो आणि ती पुन्हा आत ढवळली जाते. म्हणून आधणाचे तीन भाग करून प्रत्येकाला स्वतंत्र वेळ द्यावा.

तापवणे आणि मळी काढणे यासाठी ४० मिनिटे ठेवावीत. १०८ मेगाज्यूलला २,४०० सेकंदांनी भागले, की ४५ किलोवॅट येतात. मुख्य उकळीसाठी १०० मिनिटे ठेवावीत, तेव्हा ६५२ मेगाज्यूल ६,००० सेकंदांत देण्यासाठी १०९ किलोवॅट लागतात. पाकाच्या शेवटच्या टप्प्याला २५ मिनिटे दिली, की ५४ किलोवॅट पुरतात. सगळे मिळून पावणेतीन तास होतात.

काहिलीचे क्षेत्र यांतल्या सर्वांत मोठ्या आकड्यावर ठरवायचे असते. पावणेतीन तासांची सरासरी काढली तर ती फक्त ८५ किलोवॅट येते आणि त्या सरासरीवर बांधलेले चुलाण मुख्य उकळीत कमी पडते. हीच चूक मी अनेक आराखड्यांत पाहिली आहे, त्यांत एक चांगल्या शिकलेल्या अभियंत्याचाही होता. पाच टक्के नुकसान धरून आपला बांधकामाचा आकडा ११४ किलोवॅट आहे.

## ५. आगीकडील क्षेत्र काढा

आता मूळ प्रश्न. तळाच्या एका चौरस मीटरमधून किती किलोवॅट उष्णता आत जाते? सरपणावर चालणाऱ्या, नीट बांधलेल्या उघड्या काहिलीसाठी मी सरासरी २८ किलोवॅट धरतो. हा आकडा सगळीकडे सारखा नसतो. जाळाच्या थेट वर, जिथे ज्वाळा ९०० अंशांच्या आसपास असतात, तिथे चौरस मीटरला ४० किंवा त्याहून जास्त किलोवॅट मिळतात, तर धुराड्याच्या बाजूला जिथे धूर ५०० अंशांवर उतरलेला असतो तिथे जेमतेम दहा-बारा मिळतात. ज्याचे चुलाण लहान तोंडाचे आणि चांगल्या ओढीचे आहे त्याने तीसपर्यंत जावे. नवख्याने २५ धरून थोडी मोठी काहील घ्यावी.

११४ ला २८ ने भागले, की ४.०७ चौरस मीटर येतात. गोल तळासाठी हे २ मीटर २८ सेंटीमीटर व्यासाचे वर्तुळ होते. काहिलीचा तळ मध्यभागी दहा सेंटीमीटर खोलगट असला तरी क्षेत्र एका टक्क्यापेक्षा कमी वाढते, म्हणून ते सपाट समजून चालावे.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. तांब्याची काहील घेतली किंवा पत्रा पातळ घेतला तर रस लवकर आटेल, असे पुष्कळांना वाटते. पाच मिलिमीटर जाडीच्या लोखंडी तळातून चौरस मीटरला ४० किलोवॅट जात असताना खालच्या आणि वरच्या पृष्ठभागांत फक्त चार-पाच अंशांचा फरक पडतो. त्याच वेळी ज्वाळा आणि तळ यांच्यात सातशे-आठशे अंशांचे अंतर असते. म्हणजे अडथळा धातूत नसून धातूखालच्या धुरात आहे आणि तो कमी करण्याचे दोनच उपाय आहेत. आग गरम ठेवणे हा एक, आणि आगीला दिसणारा तळ मोठा ठेवणे हा दुसरा. जाड तळ उलट फायद्याचा असतो, कारण तो वाकत नाही.

धातूने जे होत नाही ते काजळी करते. तळाखाली एक मिलिमीटर काजळी साचली, तर आत जाणारी उष्णता साधारण चतुर्थांशाने घटते. काजू, आंबा किंवा कोणतेही अर्धवट ओले लाकूड जाळणाऱ्यांच्या तळाला हा थर चार-पाच आधणांत बसतो.

तपासणी. दर दिवशी सकाळी चुलाण पेटवण्याआधी तळाखाली हात घालून बोट फिरवावे. बोटाला फक्त काळे लागले तर हरकत नाही. काजळीचे पापुद्रे सुटले तर तारेच्या ब्रशने तळ खरडल्याशिवाय आधण चढवू नये.

## ६. काहील चुलाणावर मांडताना क्षेत्र गमावू नका

हिशेब बरोबर आणि काहील योग्य मापाची असूनही काम बिघडते ते या पायरीवर. माझे पहिले चुलाण असेच बिघडले होते. गवंडी चांगला होता, पण त्याने आयुष्यभर घरे बांधली होती. त्याने चिऱ्याची भिंत गोल फिरवली आणि काहील चिऱ्याच्या पूर्ण रुंदीवर, म्हणजे सभोवार २० सेंटीमीटर, टेकवली. काहिलीचा तळ २ मीटर ४८ सेंटीमीटरचा होता, त्यातून दोन्ही बाजूंचे ४० सेंटीमीटर भिंतीने झाकले आणि आगीला उरला २ मीटर ८ सेंटीमीटरचा तळ. कागदावर मी ४.०७ चौरस मीटर लिहिले होते, प्रत्यक्षात ३.४० मिळाले. मुख्य उकळी १०० मिनिटांऐवजी दोन तासांवर गेली आणि पहिले आठवडाभर मी जाळ घालणाऱ्यावर चिडत होतो.

म्हणून आगीला हव्या असलेल्या व्यासाने सुरुवात करावी, काहिलीच्या व्यासाने नव्हे. आपल्याला २ मीटर २८ सेंटीमीटर हवे आहेत. टेकूसाठी सभोवार १० सेंटीमीटर सोडले, की काहिलीचा तळ २ मीटर ४८ सेंटीमीटर होतो. चिरा २० सेंटीमीटर रुंद असेल तर त्याची आतली निम्मी रुंदी वरच्या थरात तिरपी छाटून घ्यावी, म्हणजे भिंत भक्कम राहते आणि आगीला तळ दिसतो. कच्चा चिरा सततच्या जाळाने ठिसूळ होतो, त्यामुळे आतून मातीचा जाड लेप किंवा भट्टीच्या विटांचे अस्तर द्यावे.

आग तळाला हवी, काठाच्या उभ्या भिंतीला नको. आधण चढवताना रसाची खोली पावणेआठ सेंटीमीटर असते, पण गूळ तयार होताना काहिलीत फक्त ५५ लिटर उरतात आणि सपाट तळावर त्यांची खोली सव्वा सेंटीमीटरही भरत नाही. त्या वेळी काठाच्या भिंतीवर ज्वाळा पोहोचत असतील, तर तिच्यावर चिकटलेला पाक जळतो आणि खरवडून खाली पडला की सगळ्या ढेपेला कडवट वास लागतो. काठ व टेकू यांमधली फट मातीने बुजवून घेणे त्यासाठीच आवश्यक असते.

काहिलीची उंची वेगळ्या कारणासाठी हवी. रस पावणेआठ सेंटीमीटरच असला तरी मुख्य उकळीत फेस कित्येक पटींनी चढतो, म्हणून काठ ४० ते ४५ सेंटीमीटर ठेवावा. ज्यांना जास्त आधण काढायचे आहे ते याच उंचीचा फायदा घेऊन ६०० किलो रस ओततात. रस मावतो, पण आगीचे क्षेत्र तेवढेच राहिल्याने मुख्य उकळी अडीच तासांची होते आणि गुळाचा रंग उतरतो.

तपासणी. काहील बसवल्यावर, माती लिंपण्याआधी, तिच्यात दीड-दोन सेंटीमीटर पाणी ओतून पाहावे. तळ सपाट असेल तर पाणी सगळीकडे सारखे पसरले पाहिजे, खोलगट असेल तर कोरडी कडा चारी बाजूंना सारख्या रुंदीची दिसली पाहिजे. एक बाजू उघडी पडत असेल, तर शेवटच्या टप्प्यात पाक नेमका तिथेच जळणार आहे. चिऱ्याखाली पाचर घालून ती चूक आताच सुधारावी.

## ७. रस चढवण्याआधी पाण्याचे एक आधण काढा

नव्या चुलाणावर पहिले आधण रसाचे कधीच चढवू नये. काहिलीत ३५० लिटरच्या आसपास पाणी घ्यावे, नेहमीच्याच सरपणाने ते उकळीला आणावे आणि उकळी स्थिर झाल्यावर काहिलीच्या मध्यावर लोखंडी पट्टी उभी धरून पाण्याची खोली मोजावी. बरोबर अर्ध्या तासाने, जाळ न बदलता, पुन्हा मोजावी. पट्टी वाचताना जाळ क्षणभर ओढून घेतला, की पाण्याचा खळखळाट कमी होतो आणि वाचन नेमके मिळते.

आपल्या काहिलीत पाण्याचा पृष्ठभाग ४.८३ चौरस मीटर आहे, कारण पाणी टेकूच्या वरही पसरते. एका चौरस मीटरवर पाणी एक मिलिमीटर उतरले म्हणजे एक लिटर गेले आणि उकळत्या पाण्याचा एक लिटर ९५८ ग्रॅम भरतो. आगीकडून चौरस मीटरला २८ किलोवॅट मिळत असतील, तर अर्ध्या तासात पाणी सुमारे १९ मिलिमीटर उतरले पाहिजे.

समजा ते १२ मिलिमीटरच उतरले. १२ गुणिले ४.८३ गुणिले ०.९५८ म्हणजे अर्ध्या तासात साडेपंचावन्न किलो, तासाला १११ किलो पाणी गेले. त्याला २.२५७ ने गुणून ३.६ ने भागले, की ७० किलोवॅट येतात. पाच टक्के नुकसान मिळवून ते ७३ होतात आणि ४.०७ ने भागल्यावर चौरस मीटरला फक्त १८ किलोवॅट मिळतात. आता मोठी काहील आणण्याची घाई करू नये. सरपण ओले आहे का, सरपण घालायच्या तोंडातून थंड हवा मोकळी आत शिरते का, राख साचून जाळीची हवा अडली आहे का आणि धुराड्याची ओढ कमी आहे का, हे याच क्रमाने पाहावे. दर वेळी एकच गोष्ट बदलून चाचणी पुन्हा घ्यावी, नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही.

इशारा. गोव्याच्या दमट हवेत रस लवकर आटत नाही, असे कारण पुष्कळदा ऐकू येते. उकळत्या रसाला ते लागू पडत नाही, कारण उकळीत वाफ स्वतःच्या दाबाने बाहेर पडते आणि भोवतालची हवा कोरडी आहे की दमट, याचा तिच्यावर जाणवण्याजोगा परिणाम होत नाही. दमटपणा घात करतो तो सरपणाचा.

## ८. सरपणाचा मेळ घाला

आडव्या चरकातून १०० किलो उसाचा ६० किलो रस निघतो असे धरले, तर ४०० किलो रसासाठी ६६७ किलो ऊस लागतो आणि २६७ किलो ओले चिपाड उरते. त्यात निम्म्याहून जास्त पाणी असते. कडकडीत वाळवल्यावर ते १३५ किलोच्या आसपास राहते. वाळलेल्या चिपाडाचा एक किलो साधारण १५ मेगाज्यूल देतो, म्हणजे एका आधणाच्या चिपाडातून एकूण २,०२५ मेगाज्यूल मिळतात.

आपल्याला काहिलीत ८८० हवे आहेत. साधे चुलाण सरपणातल्या उष्णतेचा चौथा हिस्सा रसापर्यंत पोहोचवते असे धरले, तर २३५ किलो चिपाड लागेल, म्हणजे शंभर किलो सरपण बाहेरून आणावे लागेल. घरच्या चिपाडावरच भागवायचे असेल तर चुलाणाने ४३ टक्के उष्णता रसापर्यंत नेली पाहिजे. धुराड्याकडे जाणाऱ्या धुराच्या वाटेवर दुसरी काहील मांडून तिच्यात पुढच्या आधणाचा रस तापवल्याशिवाय हे सहसा साधत नाही. बहुतेक ठिकाणी कमी पडणारे शंभर किलो सुकी सोडणे, करवंट्या, चुडते आणि काजूची छाटलेली लाकडे यांतून भागवता येतात. करवंट्यांचा जाळ फार तीव्र असतो, म्हणून त्या मुख्य उकळीसाठी राखाव्यात.

ओले चिपाड जाळले तर एका किलोतून जेमतेम सात-साडेसात मेगाज्यूल मिळतात, आणि त्याहून वाईट म्हणजे ज्वाळेचे तापमान खाली येते. तेव्हा दुप्पट सरपण घालूनही तेवढ्याच तळातून पहिल्याइतकी उष्णता आत जात नाही. डिसेंबर ते फेब्रुवारीच्या रात्री आमच्याकडे दव पडते, त्यामुळे अंगणात पसरलेले चिपाड ऊन उतरण्याआधी गोळा करून छपराखाली आणावे लागते. मूठभर चिपाड पिळून मोडले आणि ते कटकन तुटले तर वाळले आहे. वाकले तर अजून एक दिवस ऊन द्यावे.

मुख्य उकळीत जाळ घालणाऱ्याने दर मिनिटाला पावणेदोन ते दोन किलो वाळलेले चिपाड द्यावे लागते. दहा मिनिटांचे चिपाड एकदम कोंबल्याने आग काही वेळ दबते, काळा धूर निघतो आणि तळाला काजळी धरते. थोडे थोडे, पण न थांबता घालणे, हाच योग्य मार्ग आहे.

## ९. शेवटच्या पंचवीस मिनिटांत उष्णता निम्म्यावर आणा

पातळ रस तळावरून उष्णता झटपट उचलतो, त्यामुळे तळाचा धातू रसापेक्षा फारसा जास्त तापत नाही. पाक दाट झाला की तो संथ हलतो आणि उष्णता उचलण्याची त्याची क्षमता कित्येक पटींनी घटते. त्या अवस्थेत चौरस मीटरला २८ ते ३० किलोवॅट चालू ठेवले, तर तळ पाकापेक्षा ६० अंशांनी वर जाऊ शकतो, म्हणजे ११८ अंशांच्या पाकाखाली १७८ अंशांचा धातू. साखर तिथे जळणारच. उष्णता १३ किलोवॅटवर आणली, म्हणजे आपल्या काहिलीत ५४ किलोवॅट, की हा फरक २५-३० अंशांवर येतो आणि तळ १४५ च्या आसपास राहतो.

जाळ कमी करण्याचा क्षण डोळ्यांनी ओळखता येतो. मोठे पांढरे फुगे जाऊन लहान, जड, पिवळसर फुगे येतात आणि ते फुटताना फसफस असा आवाज होतो. थर्मामीटर असेल तर १०४ अंशांवरच नवे सरपण घालणे थांबवावे, कारण चुलाणाच्या भिंती आणि निखारे पुढेही बराच वेळ उष्णता देत राहतात. काकवी हवी असेल तर १०५ ते १०६ अंशांवर ती काढून घ्यावी. ढेपेच्या गुळासाठी पाक सतत ढवळत, विशेषतः जाळाच्या थेट वरच्या भागात तळ खरवडत, ११८ अंशांपर्यंत न्यावा. तापमान शेवटी मिनिटाला एक-दोन अंशांनी चढते, त्यामुळे काहील उतरवणारी माणसे ११४ अंशांवरच कड्या धरून उभी हवीत.

ढवळताना लाकडी हत्याखाली तळ एका ठिकाणी खरखरीत लागू लागला, तर तिथे पाक चिकटला आहे. अशा वेळी तो जागेवर खरडून मिसळू नये. जाळ लगेच ओढावा, काहील उतरवून पाक वाफ्यात घ्यावा आणि चिकटलेला भाग काहिलीतच राहू द्यावा. पुढच्या आधणाआधी तो भिजवून काढताना त्याची जागा खडूने काठावर टिपून ठेवावी. दोन-तीन आधणांत ती जागा एकच आली, तर तळाची पातळी तिथे उंच आहे किंवा ज्वाळा एका बाजूला ओढल्या जात आहेत असे समजून सहाव्या पायरीतली पाण्याची तपासणी पुन्हा करावी.